दिवाळीच्या सुट्टीची सूचना वेबसाइटवर कशी लावावी : शेवटची ऑर्डर, बंद दिवस आणि उशिरा पोचणारी पार्सलं

"दिवाळीनिमित्त दुकान २१ ते २६ ऑक्टोबर बंद राहील. तसदीबद्दल क्षमस्व." मराठवाड्यातल्या बहुतेक ऑनलाइन दुकानांच्या पहिल्या पानावर दिवाळीत अशीच एक ओळ दिसते. ओळ खोटी नाही, पण ती दुकानदाराच्या सुट्टीबद्दल आहे. पुण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला तुमचं शटर कधी खाली जातं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आज पैसे भरले तर डबा वसुबारसेच्या आत घरी येईल का, एवढंच त्याला विचारायचं असतं. त्याचं उत्तर पानावर सापडलं नाही की तो फोन करतो, "ताई, आमचा डबा कधी यायलाय?" आणि नेमका त्या आठवड्यात तुमचा हात चकलीच्या पिठात असतो.

म्हणून सूचना लिहायला बसण्याआधी तारखांचा हिशेब करावा लागतो. मजकूर दहा मिनिटांत होतो, वेळ जातो तो हिशेबात. इथे मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. समजा, लातूरला औसा रोडवर फराळाचं एक छोटं दुकान आहे. चार-पाच मावश्या कामाला, चकली, चिवडा, शंकरपाळे आणि अनारसे असा डबा, स्वतःची वेबसाइट आणि कुरिअरनं पाठवणी. तारखा २०२५ च्या दिवाळीच्या घेऊ, म्हणजे आकडेमोड खऱ्या कॅलेंडरवर दिसेल. त्या वर्षी वसुबारस शुक्रवारी १७ ऑक्टोबरला होती, धनत्रयोदशी १८ ला, नरक चतुर्दशी सोमवारी २० ला, लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ला, पाडवा २२ ला आणि भाऊबीज गुरुवारी २३ ला.

पहिली पायरी : पोचायची तारीख ठरवा आणि तिथून उलटं मोजा

फराळ लक्ष्मीपूजनाला पोचून उपयोग नाही. पाहुणे यायच्या आधी, म्हणजे वसुबारसेला डबा घरात हवा. तेव्हा आपलं लक्ष्य शुक्रवार, १७ ऑक्टोबर. साड्यांचं दुकान असतं तर ही तारीख पाडव्यापर्यंत पुढे सरकली असती, पणत्या-आकाशकंदिलांची असती तर अजून आधी आली असती. लक्ष्य मालावर ठरतं, त्यामुळे शेजारच्या दुकानाची सूचना उचलून आपल्या पानावर डकवू नका.

आता दोन गोष्टी लागतात : माल तयार व्हायला किती दिवस आणि वाटेत किती दिवस. तयारीचे आपण दोन दिवस धरू, एक तळणाचा आणि एक गार करून भरण्याचा. गरम चिवडा डब्यात बंद केला तर वाटेत मऊ पडतो, म्हणून दुसरा दिवस कापता येत नाही.

वाटेतले दिवस किती, हे कुरिअरवाल्याच्या जाहिरातीवरून ठरवायचं नाही. मागच्या दिवाळीतल्या शेवटच्या दहा-बारा दिवसांच्या पावत्या काढा. प्रत्येक पार्सलचा निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस लिहा, आणि दहापैकी नऊ पार्सलं जितक्या दिवसांत पोचली तो आकडा धरा. सरासरी धरलीत तर फसाल, कारण सरासरीत निम्मी पार्सलं उशिरा गेलेली असू शकतात आणि फोन करणारे नेमके त्याच निम्म्यातले असतात. पहिलंच वर्ष असेल आणि जुन्या पावत्या नसतील, तर जवळच्या जागांना नेहमीच्या दिवसांत एक मिळवा, पुण्या-मुंबईला दोन आणि परराज्याला तीन. हा ठोकताळा आहे, पण पहिल्या वर्षी यावर भागतं.

आपल्या दुकानाला पुण्या-मुंबईसाठी एरवी तीन कामाचे दिवस लागतात असं धरू. त्यात दोन मिळवले की पाच झाले. १७ पासून मागे मोजा : शुक्रवार, गुरुवार, बुधवार, मंगळवार, सोमवार. म्हणजे पार्सल शनिवारी ११ तारखेला कुरिअरच्या हातात पडलं पाहिजे, मधला रविवार धरायचा नाही. तयारीचे दोन दिवस मागे गेलो की शुक्रवार आणि शनिवार लागतात, म्हणून ऑर्डर गुरुवारी ९ ऑक्टोबरला संध्याकाळी सहापर्यंत यायला हवी.

याच पद्धतीनं मराठवाड्यातल्या जिल्ह्यांना दोन आणि एक असे तीन दिवस लागतात. पार्सल मंगळवारी १४ ला निघायला हवं आणि शेवटची ऑर्डर रविवारी १२ ला. हंगामात स्वयंपाकघर रविवारीही चालू असतं, पण कुरिअर चालू नसतं. हे दोन रविवार वेगळे आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. हैदराबाद, बेंगळुरूसारख्या ठिकाणांना पाच आणि तीन असे आठ दिवस धरले तर पार्सल बुधवारी ८ ला जायला हवं आणि ऑर्डर सोमवारी ६ ला संध्याकाळपर्यंत. लातूर शहरात आपलाच पोरगा दुचाकीवर डबे पोचवतो, तेव्हा तिथे शुक्रवारी १७ ला संध्याकाळपर्यंत आलेली ऑर्डर शनिवार-रविवारी तयार होऊन १९ ला रात्रीपर्यंत घरात जाते. शहरातल्या माणसाला वसुबारसेनंतर दोन दिवसांनी डबा मिळाला तरी चालतं, आणि हे त्याला सूचनेत सांगूनच ठेवायचं.

एका दुकानाला अशा चार तारखा निघाल्या. सूचनेत एकच शेवटची तारीख टाकणारे लोक दोनपैकी एक नुकसान करून घेतात. सगळ्यांसाठी ६ तारीख लिहिली तर लातूर-नांदेडचं गिऱ्हाईक विनाकारण परत जातं. सगळ्यांसाठी १२ लिहिली तर बेंगळुरूचा डबा भाऊबीज उलटल्यावर पोचतो.

वाट कुठली, हेही बघा

पुण्याला जाणाऱ्या डब्यांसाठी बरेच जण कुरिअरऐवजी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकतात आणि गिऱ्हाइकानं ते स्टॉपवरून उचलायचं असतं. दिवाळीत या वाटेचा एक गुण आहे. सणाआधी पुण्याहून लातूर-नांदेडकडे येणाऱ्या गाड्या माणसांनी आणि सामानानं भरलेल्या असतात, पण त्याच गाड्या पुण्याकडे परत जाताना बऱ्यापैकी रिकाम्या असतात. त्यामुळे सणाआधी पुण्याकडे जाणाऱ्या पार्सलला जागा मिळते. भाऊबीजेनंतर गणित उलटं होतं. माणसं परतायला लागतात आणि डिकीत तुमचा खोका घ्यायला कुणी तयार होत नाही. सणानंतरच्या ऑर्डरी ट्रॅव्हल्सच्या भरवशावर घेऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास आहे. पुण्यातलं आपलं निम्मं गिऱ्हाईक मुळात लातूर, नांदेड, परभणीकडचंच असतं आणि दिवाळीला गावाकडे निघतं. ऑर्डर देताना पत्ता हडपसरच्या फ्लॅटचा टाकतं आणि कुरिअरवाला दारात येतो तेव्हा माणूस अहमदपूरला असतो. फ्लॅटला कुलूप, फोन उचलला तरी उपयोग नाही, डबा परत लातूरला. यात चूक कुणाचीच नसते, पण जायचं-यायचं भाडं तुमच्या खिशातून जातं आणि परत आलेला फराळ विकताही येत नाही. म्हणून सूचनेत एक वाक्य हवंच : "१३ ते १७ ऑक्टोबरला तुम्ही जिथे असाल तिथला पत्ता द्या." हेच वाक्य पैसे भरण्याच्या पानावर, पत्त्याच्या रकान्याच्या अगदी वर पुन्हा लिहा. पहिल्या पानावरची सूचना वाचून माणूस पाच मिनिटांत ती विसरतो, पत्ता लिहिताना मात्र ती त्याच्या डोळ्यांसमोर असते.

गावचा पत्ता आला तर पिन कोड तपासा. लातूर आणि धाराशिवचे पिन ४१३ नं सुरू होतात, छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेडचे बहुतेक ४३१ नं. पण ४१३ सोलापूरलाही आहे, तेव्हा नुसत्या पहिल्या तीन आकड्यांवर "मराठवाडा" असा शिक्का मारू नका. खासगी कुरिअर बऱ्याचदा तालुक्याच्या गावापर्यंतच येतं आणि पुढे माणसाला येऊन घेऊन जायला सांगतं. खेड्यापर्यंत दारात जाणारी वाट म्हणजे टपाल. अशा पत्त्यांसाठी स्पीड पोस्ट वापरणार असाल तर त्यांची तारीख वेगळी मोजा. पोस्टाला सरकारी सुट्ट्या असतात, आणि २०२५ ला लक्ष्मीपूजन आणि पाडवा हे दोन्ही दिवस महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टीचे होते.

कुरिअरच्या ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा : सणाआधी शेवटची उचल कोणत्या तारखेला आणि किती वाजता, सणानंतर पहिली उचल कधी, आणि कोणत्या भागांची बुकिंग आधीच बंद होते. उत्तर तोंडी घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. काउंटरवरचा मुलगा बदलला की तोंडी तारीखही बदलते.

मजकूर : पट्टी आणि सविस्तर सूचना

पहिल्या पानावर दोन गोष्टी लागतात. सगळ्यात वर एक बारीक पट्टी, आणि तिच्यावर बोट ठेवलं की उघडणारी सविस्तर सूचना. पट्टीत सगळं कोंबायचं नाही. मोबाइलवर दोन ओळींपेक्षा लांब पट्टी झाली की लोक ती वाचत नाहीत, वर सरकवून टाकतात. आपल्या दुकानाची पट्टी अशी होईल :

"दिवाळी फराळ : पुणे-मुंबईसाठी शेवटची ऑर्डर गुरुवार, ९ ऑक्टोबर, संध्या. ६ पर्यंत. तुमच्या गावाची तारीख पाहा."

आणि सविस्तर सूचना अशी :

"दिवाळीचा डबा वसुबारसेपर्यंत (शुक्रवार, १७ ऑक्टोबर) हवा असेल तर ऑर्डर या तारखांच्या आत द्या. प्रत्येक तारखेला वेळ संध्याकाळी ६ पर्यंत.
महाराष्ट्राबाहेर : सोमवार, ६ ऑक्टोबर
पुणे, मुंबई, नाशिक : गुरुवार, ९ ऑक्टोबर
मराठवाड्यातले जिल्हे : रविवार, १२ ऑक्टोबर
लातूर शहर : शुक्रवार, १७ ऑक्टोबर (डबा १९ च्या रात्रीपर्यंत पोचेल)
डबा पोचायच्या दिवसांत तुम्ही जिथे असाल तिथला पत्ता द्या.
सोमवार, २० ऑक्टोबर दुपारी १ पासून रविवार, २६ ऑक्टोबरपर्यंत दुकान, फोन आणि पाठवणी बंद. तक्रारीचा ईमेल चालू राहील.
या काळात वेबसाइटवर ऑर्डर देता येईल. त्या ऑर्डरी सोमवार, २७ पासून बनवायला घेऊ. पार्सलं बुधवार, २९ पासून निघतील आणि पुण्या-मुंबईला साधारण १ ते ३ नोव्हेंबरला पोचतील.
ऑर्डर रद्द करायची असेल किंवा पत्ता बदलायचा असेल तर पार्सल निघायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर क्रमांकासह कळवा."

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. प्रत्येक तारखेसोबत वार आहे. "९/१०" लिहिलं तर कुणी नऊ ऑक्टोबर वाचतो, कुणी नऊ-दहा तारीख. वार लिहिला की वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही आणि तुमची टायपिंगची चूकही पकडली जाते. "येत्या सोमवारी", "उद्यापर्यंत", "लवकरच" हे शब्द टाळले आहेत, कारण सूचना कोणत्या दिवशी वाचली जाईल ते तुमच्या हातात नसतं. नुसतं "लक्ष्मीपूजनापर्यंत" असंही लिहू नका. २०२५ ला अमावस्या दोन दिवसांवर पसरली होती, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी दिवाळी २० ला झाली आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ ला. हैदराबाद किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकानं सणाचं नाव वाचून स्वतःच्या कॅलेंडरची तारीख धरली तर भांडण ठरलेलं.

सगळ्यात जास्त घोळ पुन्हा सुरू होण्याच्या तारखेवर होतो. "दुकान २७ ला सुरू" असं वाचलं की माणूस समजतो, माझा डबा २७ ला निघणार. प्रत्यक्षात मावश्या भाऊबीजेला माहेरी गेलेल्या, कुणी रविवारी संध्याकाळी परत येते, कुणी सोमवारी. २७ ला पीठ भिजतं, २८ ला माल भरला जातो, २९ ला पहिलं पार्सल निघतं. म्हणून सूचनेत तीन वेगळ्या तारखा दिल्या आहेत : काम सुरू होण्याची, पार्सल निघण्याची आणि ते पोचण्याची. जागा कमी पडली तर पहिली गाळा, तिसरी गाळू नका.

"अपरिहार्य कारणास्तव" आणि "तसदीबद्दल क्षमस्व" हे दोन्ही तुकडे मी काढूनच टाकतो. सणाची सुट्टी अपरिहार्य नसते, हक्काची असते. आणि माफीऐवजी पत्ता बदलायची शेवटची वेळ सांगितली तर गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतं.

लावायची कशी

तोरणं-पणत्या काढलेलं रंगीत चित्र बनवून तेच पहिल्या पानावर चढवायचा मोह सगळ्यांना होतो. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ते ठीक आहे, वेबसाइटवर नको. मोबाइलवर चित्र आकसलं की तारखा वाचता येत नाहीत, अंध माणसाचा फोन चित्रातली अक्षरं वाचून दाखवेलच असं नाही, आणि एक तारीख बदलायची तर भाच्याला पुन्हा फोन करून चित्र बनवून घ्यावं लागतं. मजकूर मजकूर म्हणूनच टाका.

वूकॉमर्सवर दुकान असेल आणि थीम जुन्या धाटणीची असेल तर `Appearance` → `Customize` → `WooCommerce` → `Store Notice` इथे पट्टीचा मजकूर टाकता येतो. शॉपिफायवर थीमच्या संपादकात `Announcement bar` असतो. या पट्ट्यांची एक अडचण आहे : त्या हातानं लावाव्या लागतात आणि हातानंच काढाव्या लागतात. नोव्हेंबर अर्धा उलटला तरी "शेवटची ऑर्डर ९ ऑक्टोबर" झळकवणारी दुकानं त्यामुळेच दिसतात. एचटीएमएल टाकायची सोय असेल तर तारखेप्रमाणे आपोआप दिसणारी आणि लपणारी पट्टी असा तुकडा टाकून होते :

```html
<div id="suchana" lang="mr" hidden>
  दिवाळी फराळ : पुणे-मुंबईसाठी शेवटची ऑर्डर
  गुरुवार, ९ ऑक्टोबर, संध्या. ६ पर्यंत.
  <a href="/diwali-tarkha">तुमच्या गावाची तारीख पाहा</a>
</div>
<script>
const ata = Date.now();
const suru = Date.parse("2025-09-25T09:00:00+05:30");
const samapt = Date.parse("2025-10-09T18:00:00+05:30");
document.getElementById("suchana").hidden =
  ata < suru || ata >= samapt;
</script>
```

शेवटचं `+05:30` विसरू नका. ते असलं की वाचणारा दुबईत असो वा लातुरात, पट्टी भारतीय वेळेनंच लपते. आणखी एक फायदा आहे. बऱ्याच वेबसाइटी वेग वाढवायला पानाची साठवलेली प्रत दाखवतात, त्यामुळे तुम्ही मजकूर बदलला तरी लोकांना जुनाच दिसत राहतो. हा तुकडा वाचणाऱ्याच्या फोनमध्ये चालतो, म्हणून प्रत जुनी असली तरी पट्टी वेळेवर लपते. मजकूर बदलला असेल तेव्हा मात्र साठवलेली प्रत पुसावीच लागते. दुसऱ्याच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, खासगी खिडकीत पान उघडून बघा. तुमच्या स्वतःच्या संगणकावर सगळं बरोबरच दिसणार.

पट्टी लपली म्हणजे ऑर्डर थांबली असं नाही, हे इथे नीट समजून घ्या. शेवटची वेळ उलटल्यावर फराळाच्या वस्तूवरचं "विकत घ्या" बटण त्या भागासाठी बंद व्हायला हवं, निदान तिथे "हा डबा आता सणानंतर पोचेल" अशी ओळ तरी दिसायला हवी. हे आपोआप करणारं काही बसवलं असेल तर वर्डप्रेसच्या `Settings` → `General` मध्ये टाइमझोन `Asia/Kolkata` आहे ना बघा. तो मूळच्या `UTC+0` वर राहिला असेल तर सहा वाजता बंद व्हायच्या ऑर्डरी रात्री साडेअकरापर्यंत येत राहतात, आणि सकाळी उठल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते.

वेबसाइटवर जे लिहिलं तेच बाकीच्या दोन-तीन ठिकाणी जुळवा. गुगलच्या दुकान-नोंदीत `Special hours` मध्ये २० ते २६ च्या वेळा भरा, नाहीतर नकाशावर तुम्ही उघडे दिसता आणि औसा रोडला येऊन माणूस बंद शटरचा फोटो टाकून एक तारा देतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये `Away message` ठरावीक काळासाठी लावता येतो, त्यात सविस्तर सूचनेचा पत्ता द्या. ऑर्डर झाल्यावर जाणाऱ्या ईमेलमध्ये "३ ते ५ दिवसांत पोचेल" असं जुनं वाक्य कुठे दडलंय का तेही शोधा. पहिल्या पानावर एक आणि ईमेलमध्ये दुसरं असं दिसलं की गिऱ्हाईक हमखास ईमेलचा फोटो पुढे करतं.

कधी लावायची आणि कधी बदलायची

पहिली शेवटची तारीख ६ ऑक्टोबर आहे, तेव्हा सूचना तिच्या दहा-बारा दिवस आधी, म्हणजे २५ सप्टेंबरच्या सुमारास लागली पाहिजे. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, म्हणजे नवरात्र चालू असतानाच. लोक दसऱ्यानंतर दिवाळीचा विचार करतात खरं, पण दसरा २ ऑक्टोबरला होता आणि तोवर परराज्यासाठी चारच दिवस उरले होते.

त्यानंतर प्रत्येक तारीख उलटली की सूचना बदलायची. ६ च्या रात्री सविस्तर सूचनेतली परराज्याची ओळ काढून "महाराष्ट्राबाहेरच्या ऑर्डरी सणासाठी बंद झाल्या" असं लिहा. नुसती ओळ पुसलीत तर लोकांना वाटतं, त्यांच्या भागाला मर्यादाच नाही. ९ ला पट्टीत मराठवाड्याची १२ तारीख येते, १२ ला लातूर शहराची १७, आणि १७ नंतर बंद दिवसांचा मजकूर. २७ ला तो निघून "सुट्टीतल्या ऑर्डरी बनवत आहोत, आजच्या ऑर्डरी अमुक तारखेला निघतील" असा येतो. पट्टी बदलताना वरच्या तुकड्यात दर वेळी मजकूर आणि `samapt` ची वेळ दोन्ही बदलायची, `suru` कडे बघायचं कारण नाही. हे काम कुणाचं ते आधीच ठरवा आणि त्याच्या फोनमध्ये त्या पाच वेळांचे गजर लावून ठेवा. तळणाच्या गडबडीत आठवेल असं समजू नका.

बंद दिवसांतही एक काम बंद ठेवता येत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचा निकाल महिन्याच्या आत लावावा लागतो. २० ते २६ म्हणजे सहा-सात दिवस होतात. तेव्हा घरातल्या कुणीतरी दिवसाआड तक्रारींची पेटी उघडून "मिळाली, २७ नंतर बघतो" एवढं तरी पाठवायचं. सूचनेत "फोन बंद" लिहा, पण तक्रारीचा ईमेल चालू आहे हेही लिहा.

पाऊस आला, रस्ता बंद झाला, तर

२०२५ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरा, सिना, गोदावरीला पूर आले आणि धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडचे कितीतरी रस्ते पाण्याखाली गेले. नेमकी तीच वेळ दिवाळीच्या सूचना लावायची. अशा वेळी सणाच्या सूचनेत पावसाची ओळ घुसवू नका. तिच्या वरच्या बाजूला वेगळी पट्टी लावा, वेगळ्या रंगाची, आणि तिच्यात चारच गोष्टी ठेवा : कोणता भाग, कोणत्या तारखांच्या ऑर्डरी, आता कधी पोचतील, आणि गिऱ्हाइकाला काय करता येईल. नमुना :

"पुरामुळे परंडा, भूम भागाकडे कुरिअर जात नाही. २२ ते २६ सप्टेंबरच्या तिथल्या ऑर्डरी आमच्याकडे सुरक्षित आहेत. रस्ता सुरू झाला की पाठवू. पुढची माहिती इथेच सोमवार, २९ ला दुपारी १२ वाजता. थांबायचं नसेल तर कळवा, पूर्ण पैसे परत करू."

पोचायची तारीख देता येत नसेल तर पुढच्या माहितीची तारीख आणि वेळ द्या, आणि ती पाळा, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी. सोमवारी बारा वाजता "अजून रस्ता बंद आहे, पुढची माहिती बुधवारी" एवढंच लिहिलं तरी फोन निम्म्यानं कमी होतात. लिहिलंच नाही तर पैसे परत मागणारे वाढतात. आणि ज्यांचे डबे खरंच अडकलेत त्यांना पट्टीवर सोडून देऊ नका, एकेकाला मेसेज करा. पट्टी नवीन येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते. पैसे भरून बसलेला माणूस तुमचं पहिलं पान पुन्हा उघडेलच असं नाही.

परदेशी ऑर्डरी घेत असाल तर हीच पद्धत तिथेही चालते. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेकडे जाणारी टपाल-पार्सलं थांबली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. तोवर त्या वर्षीच्या दिवाळीला पोचायची वेळ निघून गेली होती. अशा देशासाठी "उशीर होईल" असं मोघम लिहिण्यापेक्षा ऑर्डरच बंद ठेवलेली बरी.

दिवाळीशिवायच्या सुट्ट्या

हीच रीत महालक्ष्म्यांना, पोळ्याला, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला लागते, फक्त सूचना लहान असते. एका दिवसाच्या सुट्टीला पट्टी तीन दिवस आधी लावली तरी चालते. लातूर-धाराशिवकडच्या दुकानांनी वेळा अमावस्या मात्र विसरू नये. डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला येणाऱ्या त्या दिवशी अख्खं गाव भज्जी आणि आंबील घेऊन शेतात असतं. कामाला माणूस मिळत नाही, बाजारपेठेत शुकशुकाट, कुरिअरचं पोरगंही कुणाच्या तरी रानात जेवायला गेलेलं. आपल्याला हे सांगावं लागत नाही, पण मुंबई-नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्या तारखेचं काहीच माहीत नसतं. त्याच्यासाठी एवढं पुरे : "शुक्रवारी वेळा अमावस्येनिमित्त आमच्या भागात सगळं बंद असतं. गुरुवारी दुपारी ३ नंतरच्या ऑर्डरी शनिवारी निघतील." पट्टीत त्या वर्षीच्या तारखा वारासोबत घाला आणि शनिवारी पहिलं पार्सल गेलं की ती उतरवा.